पिढ्यांची गोष्ट आणि मधली गाळलेली वर्षे

जुलै २०२५ मध्ये ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ही मालिका नव्या भागांसह पुन्हा छोट्या पडद्यावर आली. २००० साली सुरू होऊन २००८ साली अठराशेहून अधिक भागांनंतर थांबलेले ते विरानी कुटुंब प्रेक्षकांना अजून आठवत होते, हे त्यातून दिसलेच. पण त्याबरोबर एक जुना प्रश्नही वर आला. एका छपराखाली राहणाऱ्या तीन-चार पिढ्यांची लांबलचक, भावनांनी ओथंबलेली कथा ज्यांना मनापासून आवडते, त्यांनी यापुढे काय पाहावे? आणि पाहण्यासारखी कथा नुसत्या लांबवलेल्या कथेपासून वेगळी कशी ओळखावी? अशा कथांचे सारे बळ एका गोष्टीत असते, असे माझे मत आहे. एका पिढीतून दुसऱ्या पिढीत जाताना मधली वर्षे ती कशी ओलांडते, हे पाहिले की तिच्याविषयीचे बरेचसे कळते.

पिढ्यांची कथा म्हणजे नेमके काय?

घरात आजी, आई आणि नात आहेत एवढ्याने ती कथा पिढ्यांची होत नाही. आजीने तरुणपणी घेतलेल्या किंवा तिच्यावर लादल्या गेलेल्या एखाद्या निर्णयाचा परिणाम नातीच्या आयुष्यात उमटतो, आणि तो कुठून आला हे नातीला ठाऊक नसते, तेव्हा ती पिढ्यांची कथा होते. बापाने फेडायचे राहिलेले कर्ज मुलाच्या नावावर चढते आणि ते कशासाठी काढले होते हेही मुलाला पुरते माहीत नसते, तसेच हे आहे. प्रेक्षकाची जागा मात्र वेगळी असते. कर्ज काढले गेले तेव्हा तो तिथे हजर होता आणि ते फेडताना होणारी दमछाकही तो पाहतो आहे. कुटुंबातल्या कोणाही एका माणसाला जे पूर्ण दिसत नाही, ते प्रेक्षकाला दिसते. अशा कथांमध्ये आपल्याला दाटून येते ते बहुधा या जाणिवेमुळे. पात्रे रडत नसतानाही आपले डोळे भरून येतात, त्याचे कारणही हेच आहे.

एकत्र कुटुंब या रचनेला विशेष सोयीचे असते, कारण तिथे देणे-घेणे बोलून मिटत नाही. जेवण, पैसा, दागिने, खोल्या आणि अधिकार हे सारे सामायिक असते. कोणी कोणासाठी काय सोडले, याची नोंद कागदावर नसते, पण प्रत्येकाच्या मनात ती निरनिराळी असते. या मनातल्या नोंदी एकमेकांशी जुळत नाहीत, आणि चांगला लेखक गोष्टीची सुरुवात नेमकी तिथून करतो.

एक वाडा, तीन नाटके

हे कसे घडते ते पाहायला मराठीत एक अव्वल उदाहरण आहे. महेश एलकुंचवार यांची ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही तीन नाटके मिळून विदर्भातील धरणगावच्या देशपांडे कुटुंबाची कथा सांगतात. पहिले नाटक विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली १९८५ साली रंगमंचावर आले. पुढे चंद्रकांत कुलकर्णी यांनी १९९४ साली तिन्ही नाटके एकत्र, सलग पाहता येतील अशा रीतीने सादर केली आणि प्रेक्षकांनी दिवसाचा मोठा भाग नाट्यगृहात बसून ती पाहिली. लांबीला कंटाळणारा प्रेक्षक आणि लांबीत रमणारा प्रेक्षक यांतला फरक समजून घ्यायला तो प्रयोग पुरेसा आहे.

पहिले नाटक सुरू होते तेव्हा घरातील कर्ते पुरुष तात्याजी वारले आहेत. मुंबईला गेलेला मुलगा सुधीर पत्नीसह घरी येतो. थोरला भास्कर आणि त्याची पत्नी वाड्यात आहेत. लग्न न झालेली बहीण प्रभा आहे. सगळ्यांची कामे मुकाट्याने उपसणारा धाकटा चंदू आहे. आणि मृत्यूची कल्पना नसलेली वृद्ध दादी वेळ विचारत बसली आहे. दिसायला प्रश्न साधा आहे. गावात घराण्याची जी पत आहे तिला शोभेल असे दिवसकार्य करायचे, तर पैसा कुठून आणायचा? जमीनदारीचे दिवस संपले आहेत, वाड्याची पडझड चालू आहे आणि बंद पडलेला ट्रॅक्टर अंगणात गंजतो आहे.

आता या घरातील दागिन्यांकडे पाहा. घराण्याचे सोने पेटीत आहे आणि प्रत्येकाच्या लेखी त्याचा अर्थ वेगळा आहे. भास्करच्या लेखी ते घराण्याची इभ्रत आहे. प्रभाला शिकायचे होते, ते वडिलांनी होऊ दिले नाही. तिच्या लेखी ते हातून गेलेल्या आयुष्याची थोडीफार भरपाई आहे. थोरल्या सुनेने आयुष्यभर या घरासाठी राबून कधी अंगभर मिरवले नाही असे ते वैभव आहे. आणि भास्करची मुलगी रंजू ज्या दिवशी आपल्या शिकवणीच्या मास्तराबरोबर पळून जाते, त्या दिवशी ते सोनेही तिच्याबरोबर जाते. एलकुंचवारांनी इथे कोणालाही खलनायक केलेले नाही. प्रत्येकाची मागणी रास्त आहे, सोने एकच आहे, आणि ते गेल्यावर कोणाचेच देणे फिटत नाही.

दुसरे नाटक सुमारे दहा वर्षांनी सुरू होते आणि तिसरे त्यानंतर आणखी दहा वर्षांनी. मधल्या वर्षांत काय घडले हे लेखक सांगत बसत नाही. भास्करचा मुलगा पराग आणि सुधीरचा मुलगा अभय आता मोठे झालेले दिसतात, आणि आपण त्यांच्या बोलण्यात, बसण्याउठण्यात, रागावण्यात त्यांचे बाप शोधू लागतो. घर सोडून गेलेल्याचा मुलगा आणि घरात अडकून पडलेल्याचा मुलगा एकमेकांसमोर उभे राहतात, तेव्हा त्या दोघांच्या मागे सुधीर आणि भास्कर यांचे न झालेले भांडण उभे असते. पहिले नाटक पाहिलेल्या प्रेक्षकाला हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

मधली वर्षे गाळण्याची पद्धत आणि तिची कसोटी

मालिकांच्या व्यवसायात या उडीला ‘लीप’ म्हणतात. म्हणजे कथा एका भागाच्या शेवटी थांबते आणि पुढच्या भागात पाच, दहा किंवा वीस वर्षांनंतर सुरू होते. उडी घेणे मुळात वाईट नाही; पिढ्यांच्या कथेत ती अटळच आहे. उडीनंतर जुन्या प्रसंगांचे वजन टिकते की नाही, एवढे पाहायचे असते.

रोज दाखवल्या जाणाऱ्या मालिकांमध्ये ते टिकवणे अवघड का जाते, याचे कारण त्यांच्या रचनेतच आहे. कथा केव्हा संपणार हे लेखकालाही ठाऊक नसते. प्रेक्षकसंख्या चांगली असेल तर ती चालू राहते आणि घसरली तर थांबते. शेवट ठाऊक नसेल तर आज पेरलेले पंधरा वर्षांनंतर कुठे उगवणार, हे ठरवता येत नाही. शिवाय लोकप्रिय पात्र गमावणे परवडत नाही. ‘क्योंकि’मध्ये नायक मिहीरचा मृत्यू दाखवला गेला तेव्हा प्रेक्षकांची इतकी मागणी आली की त्याला परत आणावे लागले. त्या क्षणी प्रेक्षकांना समाधान लाभले असेल, पण त्यानंतर त्या जगात मृत्यू ही कायमची गोष्ट राहिली नाही, आणि मृत्यू कायमचा नसेल तर त्याने मागे ठेवलेले देणेही कायमचे राहत नाही. मालिकेत वीस वर्षांची उडी घेतली गेली, तेव्हा घरात नवी तरुण मंडळी आली आणि कथानकांची नवी मालगाडी सुरू झाली. जुन्या पिढीचे प्रश्न बरेचसे मागे पडले. ज्यांनी ही मालिका प्रेमाने पाहिली त्यांच्या प्रेमाला मी कमी लेखत नाही. घरातल्या माणसांना रोज भेटण्याची जी सवय तिने लावली, ती खरी होती. तिची ताकद त्या सहवासात होती, आणि पिढ्यांच्या कथेकडून आपण याहून थोडे अधिक मागू शकतो.

याच्या उलट टोकाला, दूरदर्शनवर १९८६-८७ मध्ये दाखवली गेलेली ‘बुनियाद’ आहे. रमेश सिप्पी आणि ज्योती सरूप यांनी ती दिग्दर्शित केली आणि मनोहर श्याम जोशी यांनी लिहिली. लाहोरमधील मास्टर हवेलीराम, लाजोजी आणि त्यांच्या मुलांची ही कथा स्वातंत्र्यलढ्यापासून फाळणीपर्यंत आणि फाळणीनंतर दिल्लीत पुन्हा उभ्या राहिलेल्या संसारापर्यंत जाते. इथे लेखकाला शेवट ठाऊक होता, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे फाळणीमुळे कुटुंबाची पूर्वीची वास्तू, नाती आणि ओळख परत मिळण्यासारखी राहिली नव्हती. आलोक नाथ आणि अनिता कंवर या तेव्हाच्या तरुण कलाकारांनीच हवेलीराम आणि लाजोजी यांचे वृद्धत्वही साकारले. त्याचा फायदा असा होतो की केस पांढरे झालेली लाजोजी मुलांवर रागावते, तेव्हा तिच्या डोळ्यांत आपल्याला तीच जुनी तरुण मुलगी दिसत राहते. उडीनंतर कलाकार बदलले की प्रेक्षकाला नाते पुन्हा नव्याने जोडावे लागते. चेहरा तोच राहिला की वर्षे त्याच्यावर साचलेली दिसतात.

उडी बरी की वाईट हे ओळखण्याचा सोपा उपाय सांगतो. उडीनंतरच्या पहिल्या दोन-तीन प्रसंगांत जुन्या पिढीतील एखादी वस्तू, सवय किंवा न बोललेली गोष्ट परत येते का, ते पाहावे. ती आली आणि नव्या पिढीला तिचा अर्थ ठाऊक नसेल, तर लेखकाने हिशेब ठेवला आहे. सगळेच नवे असेल, नवे घर, नवी खलनायिका, नवे गैरसमज, तर एक कथा संपून त्याच नावाने दुसरी सुरू झाली आहे.

काळ मागेपुढे होत असेल तर कथा समजेल का?

नव्या मालिका हा हिशेब आणखी एका रीतीने मांडतात. मधली वर्षे ओलांडण्याऐवजी त्या दोन काळ शेजारी-शेजारी ठेवतात. अनेकांना यात गोंधळल्यासारखे वाटते, म्हणून २०२२ साली आलेल्या ‘पाचिंको’चे उदाहरण थोडे विस्ताराने घेतो. मिन जिन ली यांच्या कादंबरीवर आधारलेली ही मालिका ॲपलच्या स्ट्रीमिंग सेवेवर आहे, आणि २०२४ मध्ये तिचे दुसरे पर्व आले. दोन्ही पर्वांत आठ-आठ भाग आहेत.

सुंजा ही जपानच्या ताब्यातील कोरियात वाढलेली मुलगी. एका विवाहित पुरुषापासून तिला दिवस जातात आणि इसाक नावाचा आजारी, सालस धर्मोपदेशक तिच्याशी लग्न करून तिला ओसाकाला घेऊन जातो. तिथे ते त्याचा थोरला भाऊ योसेब आणि जाऊ क्युंगही यांच्या छोट्या घरात राहतात. म्हणजे परक्या देशात, वस्तीतल्या कोंदट गल्लीत, दोन भावांचे एकत्र कुटुंब. या दोघांना आणण्यासाठी योसेबने कर्ज काढलेले असते. वसुलीसाठी माणसे दारात येतात, तेव्हा सुंजा आपल्याजवळचे एक मौल्यवान घड्याळ विकून ते फेडते. योसेबला याचा आनंद होत नाही, तो संतापतो. घरातल्या बायकांनी त्याचे कर्ज फेडावे हे त्याच्या मानीपणाला सहन होत नाही. सुंजाच्या बाजूने पाहिले तर तिने कुटुंब वाचवले. योसेबच्या बाजूने पाहिले तर त्याच्याजवळ उरलेला एकमेव मान तिने काढून घेतला. धरणगावच्या वाड्यात सोन्याचे जे झाले, तेच इथे एका घड्याळाचे होते.

याच्या जोडीला मालिकेत १९८९ सालची कथा चालू असते. सुंजाचा नातू सॉलोमन परदेशात शिकून बँकेत नोकरीला लागला आहे आणि एका वृद्ध कोरियन बाईची जमीन तिने विकावी म्हणून तो तिचे मन वळवायला निघाला आहे. आपली आजी सोबत असेल तर काम सोपे होईल, असे त्याला वाटते. ती बाई दोघांना जेवू घालते. पहिला घास घेताच सुंजा थांबते, कारण तो तांदूळ कोरियात पिकलेला आहे हे तिच्या जिभेला कळते. नातवाच्या लेखी तो फक्त भात असतो. सुमारे सहा दशकांपूर्वी तिच्या आईने लेकीच्या लग्नासाठी मूठभर पांढरा तांदूळ मिळावा म्हणून दुकानदाराची विनवणी केली होती. तो तांदूळ कोरियन लोकांना विकला जात नव्हता, तरी लेक घर सोडण्यापूर्वी तिच्या तोंडी मायभूमीची चव पडावी, एवढीच त्या आईची इच्छा होती. हे दोन प्रसंग मालिकेने जवळजवळ ठेवले आहेत, आणि त्यामुळे साठ वर्षे एका घासात मावतात.

काळ मागेपुढे करण्याचे प्रयोजन यातून कळते. सरळ क्रमाने सांगितले असते तर आईच्या तांदळाचा प्रसंग पाहून आपण पुढे गेलो असतो आणि सहा दशकांनंतरचा भात येईपर्यंत तो पुसट झाला असता. जोडून ठेवल्यावर विसरायला जागा उरत नाही. म्हणून अशा मालिकेत तारखांच्या मागे फार लागू नये. बालपणीची, तरुण आणि वृद्ध सुंजा अशा तीन वेगवेगळ्या अभिनेत्री आहेत, त्यांतली कोण समोर आहे एवढे लक्षात ठेवले की काळ आपोआप कळतो. आणखी एक सोय म्हणजे उपशीर्षकांचे रंग. कोरियन संवाद पिवळ्या आणि जपानी संवाद निळ्या अक्षरांत दिसतात. एकाच वाक्यात रंग बदलला तर पात्राने भाषा बदलली आहे असे समजावे. घरात एक भाषा आणि बाहेर दुसरी, आणि नातवाच्या तोंडी दोन्हींची सरमिसळ, हा त्या कुटुंबाचा इतिहास आपल्याला वाचता येतो.

एक इशारा मात्र देणे आवश्यक आहे. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीसही सारे धागे मिटत नाहीत. ज्यांना पूर्ण झालेलीच कथा हवी असते त्यांनी ही तयारी ठेवावी, किंवा मूळ कादंबरीकडे वळावे. ती पूर्ण आहे.

इतकी पात्रे लक्षात कशी राहणार?

ही अडचण बहुतेकांना येते, आणि वंशवृक्ष पाठ करून ती सुटत नाही. माणसांच्या नावांपेक्षा त्यांची घरातली जागा लक्षात ठेवणे अधिक उपयोगी पडते. घरात कोण राबतो, कोण निर्णय घेतो, कोण निघून गेला आणि कोणाला कोणी विचारलेच नाही, या चार जागा जवळपास प्रत्येक कौटुंबिक कथेत असतात. देशपांड्यांच्या घरात चंदू राबतो, भास्कर निर्णय घेतो, सुधीर गेला आहे आणि प्रभाला कोणी विचारले नाही. पुढच्या पिढीत या जागांवर कोण येऊन बसते हे पाहत राहावे. राबणाऱ्याची जागा रिकामी पडली की ती कोणाच्या तरी गळ्यात पडतेच, आणि ती कोणाच्या गळ्यात पडली यावरून त्या घराचा स्वभाव कळतो.

सगळे दुःखच असेल तर पाहायचे कशाला? आणि वेळ कुठून आणायचा?

हा आक्षेप मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो, कारण पिढ्यांच्या कथांमध्ये मृत्यू आणि वियोग यांची रेलचेल असते. त्यावर उत्तर म्हणून एका चित्रपटाची शिफारस करतो, ज्यात एकही उडी नाही. तैवानचे दिग्दर्शक एडवर्ड यांग यांचा ‘यी यी’ हा २००० सालचा चित्रपट १७३ मिनिटांचा आहे, आणि त्यासाठी त्यांना त्या वर्षी कान महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. तैपेईतील एका घरात आजी, तिची मुलगी आणि जावई, आणि दोन नातवंडे राहतात. सुरुवात लग्नाने होते आणि शेवट अंत्यविधीने.

सुरुवातीलाच आजी बेशुद्ध होते, आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून घरचे लोक रोज तिच्याजवळ बसून बोलू लागतात. आजीची मुलगी काही दिवसांतच कोलमडते, कारण आपण आईला रोज तेच तेच सांगतो आहोत आणि आपल्या दिवसात सांगण्यासारखे दुसरे काही नाही, हे तिला उमगते. जावयाला आपण जे बोलतो ते खरे आहे की नाही याचीच खात्री वाटत नाही. नातीच्या मनात अपराधाची बोच आहे. आठ वर्षांच्या नातवाला तर काहीच बोलायचे नसते. तो कॅमेरा घेऊन लोकांच्या डोक्याच्या मागच्या बाजूची छायाचित्रे काढत हिंडतो, कारण माणसाला स्वतःला न दिसणारी बाजू त्याला दाखवायची आहे. इथे पिढ्यांमधले अंतर वर्षांची उडी न घेता, एकाच अंथरुणाभोवती मोजले गेले आहे. त्यात दुःख आहे, पण लहान मुलाच्या कुतूहलामुळे आणि घरातल्या किरकोळ विसंगतींमुळे तितकेच हसूही आहे.

म्हणून ज्यांच्याजवळ एकच संध्याकाळ आहे त्यांनी ‘यी यी’पासून सुरुवात करावी, असे मी सुचवेन. ज्यांना पंधरा-वीस दिवस रोज एकेका भागासाठी तासभर काढता येईल त्यांनी त्यानंतर ‘पाचिंको’ घ्यावी, पण घाईने सलग पाहू नये. त्यातले प्रसंग मनात मुरायला एक रात्र मध्ये गेलेली बरी. ‘बुनियाद’चा वेग आजच्या सवयीला संथ वाटेल, आणि पहिले काही भाग घरातली माणसे ओळखण्यातच जातील. फाळणीपर्यंत पोहोचेपर्यंत ती सोडू नये, कारण त्या आधीच्या साऱ्या संथ भागांचा अर्थ तिथे लागतो. देशपांड्यांच्या वाड्याचा प्रयोग जवळपास लागेल तेव्हा पाहावा आणि तोपर्यंत तिन्ही संहिता वाचाव्यात. वाचताना फक्त क्रम मोडू नये: ‘युगान्त’मधील पराग आणि अभय यांचे बोलणे, पहिल्या नाटकातील त्यांच्या बापांना भेटल्याशिवाय अर्धेच ऐकू येते.